चेहऱ्यांच्या गर्दीतला एक संदेश: प्रचाराचा रस्त्यावरचा फलक कसा तपासावा

निवडणुकीचा फलक छपाईला जाण्यापूर्वी त्याचे प्रूफ कार्यालयातल्या दहा जणांच्या मोबाइलवर फिरते, प्रत्येक जण ते बोटांनी मोठे करून आपल्या माणसाचा फोटो नीट आला आहे का ते पाहतो आणि ‘ओके’ कळवतो. या पद्धतीने फलकाची तपासणी होत नाही, फक्त त्यावरच्या माणसांची हजेरी घेतली जाते. ज्याच्यासाठी फलक लावायचा तो मतदार दुचाकीवरून, बसच्या खिडकीतून किंवा फुटपाथवरून तो पाहणार असतो. त्याला फलक मोठा करून पाहता येत नाही आणि थांबायला वेळही नसतो. म्हणून तपासणीचा प्रश्न ‘फलकावर सगळे आले का?’ असा नसून ‘जाता जाता पाहणाऱ्याच्या मनात कोणते एक वाक्य उरले?’ असा आहे.

पुढे दिलेला क्रम प्रचार समितीतील कार्यकर्ते, डिझाइन करणारे आणि लागलेल्या फलकांचा अभ्यास करणारे नागरिक किंवा विद्यार्थी या सर्वांना वापरता येईल. समजण्यासाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतले आहे. मुंबई वगळता राज्यातील महापालिकांमध्ये बहुसदस्यीय प्रभाग असतात. अशा एका चार सदस्यांच्या, म्हणजे अ, ब, क, ड अशा चार जागांच्या प्रभागात ‘ब’ जागेवर उभ्या असलेल्या एका महिला उमेदवाराचा २० फूट रुंद आणि १० फूट उंच फलक आहे, असे समजू. वरच्या पट्टीत नेत्यांचे नऊ चेहरे गोलांमध्ये आहेत. उजवीकडे हात जोडून उभ्या असलेल्या उमेदवार आणि त्यांच्या शेजारी त्यांचे पती, म्हणजे माजी नगरसेवक, आहेत. तळाला सहा कार्यकर्ते नावांसह आहेत. डाव्या कोपऱ्यात, गोलातच, पक्षाचे चिन्ह आहे. मध्ये पाच ओळी आहेत: ‘विकास हाच ध्यास’, ‘जनसेवेचा वारसा’, ‘स्वच्छ प्रभाग, सुरक्षित प्रभाग’, ‘दररोज पाणी, वेळेवर पाणी’ आणि ‘प्रचंड बहुमताने विजयी करा’. असे फलक निवडणुकीच्या दिवसांत कोणत्याही शहरात चौकाचौकांत दिसतात.

## पहिला टप्पा: फलक पाहण्याआधी रस्ता मोजावा

तपासणी फलकापासून नव्हे, तर त्याच्या जागेपासून सुरू होते, कारण एकच डिझाइन सिग्नलच्या चौकात चालते आणि सरळ रस्त्यावर वाया जाते. फलक जिथे लागणार आहे किंवा लागला आहे, त्या रस्त्यावर मतदार ज्या दिशेने येतात त्या दिशेने चालत यावे आणि दोन ठिकाणे टिपून घ्यावीत. झाडे, खांब, दुकानांच्या पाट्या यांच्या आडून बाहेर येऊन फलक पहिल्यांदा पूर्ण दिसतो, ते पहिले ठिकाण. फलक इतका तिरका होतो की मान वळवल्याशिवाय वाचता येत नाही, ते दुसरे. या दोन ठिकाणांमधले अंतर म्हणजेच फलकाला मिळालेली वेळ होय.

आपल्या उदाहरणातील फलक २५० फुटांवरून दिसू लागतो आणि सुमारे ७० फुटांवर डोळ्यांआड होतो, म्हणजे वाचण्यासाठी १८० फूट मिळतात. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला सुमारे ३६ फूट कापते, त्यामुळे एकूण पाच सेकंद हाती लागतात. वाहन चालवणारा माणूस या पाचही सेकंदांत फलकाकडे पाहू शकत नाही आणि त्याने पाहूही नये. त्याची नजर एक-दोनदा उडत उडत जाईल, तेव्हा हिशेबासाठी तीन सेकंदच धरावेत. सिग्नलवर थांबणाऱ्या वाहनांसमोरच्या फलकाला याच्या कितीतरी पट वेळ मिळतो. तिथला निकष वेगळा लावावा आणि तो वहीत वेगळा नोंदवावा.

अक्षरांच्या उंचीचाही एक ठोकताळा आहे. आरामात वाचता यावे यासाठी दर १० फूट अंतरामागे एक इंच उंचीचे अक्षर धरतात. डोळे ताणून याच्या दुपटीहून अधिक अंतरावरूनही वाचता येते, पण रस्त्यावर कोणी आपल्यासाठी डोळे ताणत नाही. शिवाय हा ठोकताळा रोमन मोठ्या अक्षरांवरून आलेला आहे. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि रफार असतो, खाली उकार असतो. म्हणून उंची मोजताना मात्रांसकट न मोजता शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतच मोजावी.

पडताळणी: दिसण्याची सुरुवात, दिसेनासे होण्याची जागा, वाहनांचा साधारण वेग आणि वाचण्याचे मधले अंतर या चार गोष्टी लिहून झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. आपल्या उदाहरणात वाचण्याचे अंतर १५० फूट धरू.

## दुसरा टप्पा: फलक त्याच्या खऱ्या आकारात पाहावा

१५० फुटांवरचा २० फुटी फलक डोळ्याला किती लहान दिसतो, याचा अंदाज बहुतेकांना नसतो. तो काढण्याची रीत सोपी आहे. फलकाच्या रुंदीला अंतराने भागावे आणि ६० ने गुणावे. जे उत्तर येईल तितक्या सेंटिमीटर रुंदीची छापील प्रत हात लांब करून, म्हणजे डोळ्यांपासून साधारण ६० सेंटिमीटरवर धरावी. आपल्या फलकासाठी हे उत्तर ८ सेंटिमीटर येते आणि उंची ४ सेंटिमीटर. मतदाराच्या डोळ्याला फलक एवढाच दिसणार असतो.

या छोट्या प्रतीवर नजर टाकताच बऱ्याच गोष्टी उघड होतात. आपल्या फलकावर उमेदवाराच्या नावाची अक्षरे १४ इंच उंच आहेत. ती छोट्या प्रतीवर पावणेपाच मिलिमीटरच्या आसपास येतात आणि वाचता येतात. ‘दररोज पाणी, वेळेवर पाणी’ ही ओळ मात्र ५ इंची अक्षरांत आहे. आरामात वाचण्याचे तिचे अंतर अवघे ५० फूट आहे आणि फलक तर ७० फुटांवरच डोळ्यांआड होतो. म्हणजे ही ओळ छापली जाईल, तिचे पैसे मोजले जातील, पण चालत्या वाहनावरून ती सहजपणे कधीच वाचली जाणार नाही. तळाच्या सहा कार्यकर्त्यांची नावे तर छोट्या प्रतीवर नुसत्या रेघांसारखी दिसतात.

इशारा: संगणकाच्या पडद्यावर फलक लहान करून ही चाचणी करू नये. पडदा स्वतः प्रकाश देतो, त्यामुळे गडद पार्श्वभूमीवरची पिवळी किंवा लाल अक्षरे प्रत्यक्ष फ्लेक्सपेक्षा अधिक उठून दिसतात. साध्या कागदावर काढलेली रंगीत प्रत घ्यावी आणि ती एकदा उन्हात, एकदा संध्याकाळच्या उजेडात पाहावी.

याच वेळी अक्षरांची वळणेही पाहावीत. अक्षराला पांढरी कड, तिच्याबाहेर लाल कड आणि वर सावली अशी सजावट केली की लांबून ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ सारखेच दिसू लागतात. जोडाक्षरांची पोकळी बुजते आणि अनुस्वार कडेत विरघळतो. ज्या अक्षरांवर उमेदवाराचे आडनाव ओळखू येणे अवलंबून आहे, त्यांना अशी सजावट नसावी.

## तिसरा टप्पा: आधी अनोळखी माणसांना विचारावे, मग स्वतः पाहावे

तपासणारा बहुतेक वेळा उमेदवाराला ओळखत असतो, त्यामुळे फलकावर जे नाही तेही त्याला दिसते. म्हणून स्वतःचे मत बनवण्याआधी प्रभागातल्या, पण प्रचाराशी संबंध नसलेल्या आठ-दहा जणांना छोटी प्रत दाखवावी. किराणा दुकानातील गिऱ्हाईक, रिक्षाचालक, शाळेबाहेर मुलांची वाट पाहणारे पालक अशी वेगवेगळ्या वयांची माणसे असावीत. प्रत हात लांब करून तीन सेकंद दाखवावी, उलटी करावी आणि तीनच प्रश्न विचारावेत: हा फलक कोणाचा आहे, तो तुम्हाला काय करायला सांगतो आणि का करायला सांगतो?

उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहावीत. ‘कुणीतरी बाई आहेत, निवडणुकीला उभ्या आहेत वाटतं’ या उत्तराची नोंद ‘उमेदवार ओळखला’ अशी करणे ही या टप्प्यावरची सर्वात मोठी चूक आहे. त्या माणसाला उमेदवार कळलेल्या नाहीत, फक्त निवडणूक कळली आहे. ‘फलक आवडला का?’ हे विचारूच नये, कारण दाखवणाऱ्याचे मन राखण्यासाठी माणसे हो म्हणतात. ‘पाण्याबद्दल काही दिसलं का?’ असा प्रश्न विचारणे म्हणजे उत्तर सांगून परीक्षा घेणे झाले.

उदाहरणातल्या फलकाला दहा जणांकडून अशी उत्तरे मिळाली असे धरू: चार जणांनी तो पक्षातील मोठ्या नेत्याचा फलक मानला, तीन जणांनी पतींचा, दोघांना तो कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा वाटला आणि एकाने उमेदवाराचे नाव सांगितले. ‘का’ या प्रश्नाला बहुतेकांनी ‘विकास’ एवढेच उत्तर दिले. वाढदिवसाचे उत्तर हास्यास्पद वाटले तरी ते खोडू नये. गोलातले चेहरे, हात जोडलेली मुद्रा आणि तळाला नावांची रांग ही रचना आपल्या रस्त्यांवर वर्षभर वाढदिवसाच्या शुभेच्छांसाठीच वापरली जाते, त्यामुळे पाहणाऱ्याचा डोळा सवयीने तोच अर्थ लावतो.

पडताळणी: उत्तरे लिहिलेल्या कागदावर तपासणाऱ्याची स्वतःची टिप्पणी नसावी. ती असल्यास कागद नव्याने लिहावा.

## चौथा टप्पा: चेहरे मोजू नयेत, त्यांची कामे ठरवावीत

आता फलक जवळून पाहावा. इथे ‘चेहरे जास्त आहेत’ एवढे म्हणून थांबणारे परीक्षण उथळ ठरते. प्रत्येक चेहरा कुणाला तरी काही सांगण्यासाठी आलेला असतो आणि ते कोणाला व काय, हे लिहिल्याशिवाय तो अनावश्यक आहे की नाही ते ठरत नाही. राज्यातील नेत्याचा चेहरा पक्षाच्या बांधील मतदाराला ‘हा आपलाच उमेदवार’ असे सांगतो. आघाडी किंवा युती असेल तर मित्रपक्षाच्या नेत्याचा चेहरा त्या पक्षाच्या मतदाराला ‘तुमचे मत इकडे द्या’ असे सांगतो, आणि जागावाटपावरून वाद झालेल्या प्रभागात हा चेहरा फार मोलाचा असतो. शहराध्यक्षांचा चेहरा मात्र बहुधा मतदारासाठी नसतोच, तो शहराध्यक्षांसाठी असतो. तळाचे सहा कार्यकर्ते त्यांच्या गल्लीत परिचित असले तरी मुख्य रस्त्यावरून जाणाऱ्याला ते सहा अनोळखी चेहरे आहेत.

असे वर्गीकरण केल्यावर आपल्या फलकावरील १७ चेहऱ्यांपैकी मतदारासाठी काम करणारे चेहरे तीन किंवा चार उरतात. बाकीचे पक्षांतर्गत शिष्टाचाराचे आहेत. शिष्टाचार खोटा नसतो आणि तो मोडल्यास प्रचारात खरे रुसवेफुगवे होतात, हे तपासणाऱ्याने मान्य करावे. मात्र त्याची नोंद ‘मतदारासाठीचा संदेश’ या रकान्यात करू नये.

त्यानंतर फक्त एक गोष्ट मोजावी: सर्वात मोठा चेहरा कोणाचा आहे. हनुवटीपासून कपाळापर्यंतची उंची पट्टीने मोजावी, कारण नजरेचा अंदाज इथे फसतो. महिला उमेदवारांच्या फलकांवर ही मोजणी विशेष काळजीने करावी. आपल्या उदाहरणात उमेदवार आणि पती शेजारी उभे असून दोघांचे फोटो सारख्याच उंचीचे असल्याचे डिझाइन करणारा सांगतो आणि ते खरेही आहे. पण पतींचा फोटो कमरेपासून वर कापलेला आहे आणि उमेदवारांचा गुडघ्यापासून वर, म्हणून पतींचा चेहरा जवळपास दीडपट मोठा झाला आहे. शिवाय त्यांचा खांदा उमेदवारांच्या खांद्यावर चढलेला आहे, म्हणजे चित्रात ते पुढे आहेत. तीन जणांनी हा फलक पतींचा मानला त्याचे कारण याच कातरकामात आहे. मतदारांना उमेदवारांमध्ये रस नाही, असा अर्थ त्यातून काढता येत नाही.

नजरेची दिशाही टिपावी. फोटोतील माणूस ज्या बाजूला पाहतो, तिकडे पाहणाऱ्याचे लक्ष जाते. उमेदवारांची नजर फलकाबाहेर, उजव्या कडेकडे असेल, तर डावीकडचे नाव आणि चिन्ह या दोन्हींकडे त्यांची पाठ होते.

इशारा: कोणता नेता लोकप्रिय आहे, याविषयीचे स्वतःचे मत या टप्प्यावर बाजूला ठेवावे. परीक्षण फलकाचे आहे, पक्षाचे नाही.

## पाचवा टप्पा: ओळी सुट्या करून त्यांतील दावा शोधावा

फलकावरची प्रत्येक ओळ कागदाच्या वेगळ्या चिठ्ठीवर लिहावी आणि तिच्यापुढे तिचे काम लिहावे: नाव, मागणी, आश्वासन, स्तुती किंवा ओळख. मुद्रक आणि प्रकाशक यांचे नाव-पत्ते देणारी बारीक ओळ यात धरू नये. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२७-अ नुसार लोकसभा आणि विधानसभेच्या प्रचारसाहित्यावर ती कायद्याने आवश्यक आहे. ती आहे की नाही हे वेगळे पाहावे, पण तिला संदेशाचा भाग समजू नये.

मग एक साधी कसोटी लावावी: ही ओळ उचलून प्रतिस्पर्ध्याच्या फलकावर ठेवली तर काही बिघडते का? ‘विकास हाच ध्यास’ ही ओळ प्रभागातील चारही जागांच्या सर्व उमेदवारांच्या फलकांवर बिनदिक्कत बसते, म्हणून तिच्यात दावा नाही. ‘स्वच्छ प्रभाग, सुरक्षित प्रभाग’ हीसुद्धा कुठेही बसते. ‘जनसेवेचा वारसा’ ही ओळ जरा वेगळी आहे. ती पतींच्या कारकिर्दीकडे बोट दाखवते, म्हणजे त्यांचे काम आवडलेल्या मतदारांसाठी तिला अर्थ आहे, पण तिच्यामुळे पाहणाऱ्याचे लक्ष पुन्हा पतींकडे जाते. ‘प्रचंड बहुमताने विजयी करा’ ही मागणी आहे, मात्र कोणत्या जागेवर आणि कोणते चिन्ह पाहून, हे ती सांगत नाही.

उरते ‘दररोज पाणी, वेळेवर पाणी’. ज्या प्रभागात एक दिवसाआड पाणी येते आणि नळ कधी सुटेल याचा भरवसा नसतो, तिथे हा नेमका दावा आहे. निवडून आल्यावर लोक त्याचा हिशेब विचारू शकतात. त्यात पुन्हा दोन गोष्टी आहेत, ‘दररोज’ आणि ‘वेळेवर’, आणि त्यांपैकी एकच निवडावी की दोन्ही ठेवाव्यात, हे त्या प्रभागाच्या तक्रारीवरून ठरते. एकंदरीत, फलकावरचा एकमेव नेमका दावा सर्वात लहान अक्षरांत आणि कुठेही चालणारी ओळ सर्वात मोठ्या अक्षरांत, अशी उलटी मांडणी या फलकावर आहे. माझ्या पाहण्यात ही उलटी मांडणी इतक्यांदा येते की मी चिठ्ठ्यांवर ओळींच्या कामाबरोबर त्यांची इंचातील उंचीही लिहिण्याचा आग्रह धरतो, म्हणजे ती लपत नाही.

शब्दांची संख्या शेवटी पाहावी. बाहेरच्या जाहिरातींच्या व्यवसायात सातच्या आसपास शब्द हा ठोकताळा सांगतात. नाव धरून सात शब्द राखणे मराठी फलकाला कठीण जाते, पण नाव सोडून इतर शब्द सातच्या पुढे गेले तर तीन सेकंदांत ते वाचून होत नाहीत, एवढे नक्की धरावे.

पडताळणी: चिठ्ठ्यांमधून एक ‘दावा’ आणि एक ‘मागणी’ वेगळी काढता आली का? दावा सापडलाच नाही तर निर्णय इथेच लागतो. अक्षरे मोठी करून तो फलक सुधारत नाही.

## सहावा टप्पा: फलकाचा मतदान यंत्राशी ताळा घ्यावा

रस्त्यावर लक्षात राहिलेली गोष्ट मतदान केंद्रात उपयोगी पडली पाहिजे. यंत्रावर नेत्यांचे नऊ चेहरे नसतात आणि घोषणाही नसते. तिथे क्रमांक, नाव आणि चिन्ह असते. लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकीत उमेदवाराचे छायाचित्रही असते. म्हणून फलकावरचे नाव आणि चिन्ह हे मतपत्रिकेवर येणाऱ्या नाव-चिन्हाशी ताडून पाहावे.

नावात बहुधा गफलत असते. फलकावर घरगुती नाव आणि ‘ताई’ मोठ्या अक्षरांत असते, आडनाव त्याखाली बारीक असते आणि यंत्रावर मात्र उमेदवारी अर्जातील पूर्ण नाव येते. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत रायगडमध्ये सुनील तटकरे यांचा पराभव २,११० मतांनी झाला आणि त्यांच्याच नावाच्या एका अपक्षाला त्या फरकाहून अधिक मते मिळाली. नावसाधर्म्याचा उमेदवार रिंगणात असेल, तर फलकावर वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि चिन्ह ही ओळखीची दोन्ही साधने ठळक हवीत. टोपणनाव मोठे करून भागत नाही.

चिन्हाबाबत तर आणखी कडक राहावे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत साताऱ्यात ‘तुतारी वाजवणारा माणूस’ आणि अपक्षाला मिळालेले ‘ट्रम्पेट’ ही दोन चिन्हे एकाच यंत्रावर होती. ट्रम्पेटवाल्या अपक्षाची मते विजयाच्या फरकापेक्षा जास्त भरली आणि चिन्हांच्या गोंधळाची चर्चा राज्यभर झाली. तेव्हा फलकावरचे चिन्ह सजवलेले, रंगवलेले किंवा अर्धे झाकलेले नको. मतपत्रिकेवर ते ज्या रेखाकृतीत येते त्या आकृतीशी जुळणारे, काळ्या-पांढऱ्यातही ओळखू येणारे आणि भोवती मोकळी जागा असलेले हवे.

आपल्या उदाहरणात चिन्हाची उंची दीड फूट आहे, म्हणजे ठोकताळ्यानुसार पुरेशी आहे. तरीही ते कुणाला आठवले नाही. कारण ते नेत्यांच्या चेहऱ्यांसारख्याच सोनेरी कडेच्या गोलात बसवले आहे. लांबून पाहणाऱ्याला ते दहावा चेहरा वाटते. आकार न वाढवता नुसता गोल काढून पांढऱ्या चौकोनात चिन्ह ठेवले तरी ते चेहऱ्यांपासून वेगळे पडते.

बहुसदस्यीय प्रभागात आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे जागेचे अक्षर. मतदाराला अ, ब, क, ड या प्रत्येक जागेसाठी वेगळे मत द्यायचे असते. फलकावर ‘प्रभाग क्र.’ मोठा आणि ‘ब’ कुठेच नाही, अशी स्थिती असेल तर मतदाराला कोणत्या यादीत शोधायचे ते कळत नाही. चारही उमेदवारांच्या एकत्रित फलकावर हा दोष आणखी वाढतो, कारण चार चेहरे आणि चार अक्षरे यांची जोडी लांबून लागत नाही. तिथे चेहऱ्यांपेक्षा पक्षाचे चिन्ह एकदाच, मोठे ठेवणे आणि ‘चारही ठिकाणी हेच चिन्ह’ हा एकमेव संदेश देणे अधिक प्रामाणिक ठरते.

## सातवा टप्पा: झाकून पाहावे

दोष कुठे आहे हे नुसत्या चर्चेतून ठरत नाही, ते झाकून पाहिल्यावर ठरते. छोट्या प्रतीवर कोऱ्या कागदाचे तुकडे ठेवून एका वेळी एकच भाग झाकावा आणि प्रत्येक वेळी नव्या तीन-चार जणांना तेच तीन प्रश्न विचारावेत. आधी पाहिलेल्या माणसाला पुन्हा विचारू नये, त्याला उत्तर ठाऊक झालेले असते.

क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा. प्रथम तळाची कार्यकर्त्यांची पट्टी झाकावी. आपल्या फलकावर यामुळे वाढदिवसाचे उत्तर गायब होते, पण उमेदवारांचे नाव काही पुढे येत नाही. मग वरची नेत्यांची पट्टी झाकावी. आता ‘मोठ्या नेत्याचा फलक’ हे उत्तर कमी होते, मात्र पक्ष कोणता हे विचारल्यावर माणसे अडखळतात. याचा अर्थ नेत्यांपैकी एक किंवा दोन चेहरे खरोखर काम करत होते, नऊ नव्हे. त्यानंतर पतींचा फोटो झाकावा. या झाकणीने सर्वात मोठा फरक पडतो आणि नाव सांगणाऱ्यांची संख्या वाढते. शेवटी ‘विकास हाच ध्यास’ ही ओळ झाकावी. कुणाच्याही उत्तरात काही बदल होत नाही, म्हणजे ती ओळ असून नसल्यासारखी होती.

इशारा: दोन भाग एकदम झाकू नयेत. तसे केल्यास फरक कोणत्या भागामुळे पडला ते कळत नाही आणि प्रचार कार्यालयातील वादात तपासणाऱ्याकडे पुरावा उरत नाही.

## आठवा टप्पा: निर्णय एका वाक्यात लिहावा

निर्णय ‘गर्दी आहे’, ‘आकर्षक आहे’, ‘सुटसुटीत हवा’ अशा शब्दांत देऊ नये, कारण त्यावर डिझाइन करणाऱ्याला काहीच करता येत नाही. आधी फलकाला जे सांगायचे होते ते वाक्य लिहावे: ‘दररोज पाण्यासाठी ब जागेवर या उमेदवारांना या चिन्हावर मत द्या.’ त्याखाली लोकांनी प्रत्यक्षात घेतलेले वाक्य लिहावे: ‘या पक्षाच्या माजी नगरसेवकांचे काहीतरी आहे.’ दोन वाक्यांमधले अंतर हाच निर्णय. दहापैकी सात जणांनी नाव आणि कारण दोन्ही सांगितले तर संदेश पोहोचतो असे मी धरतो. फक्त नाव सांगितले तर तो ओळखीचा फलक आहे आणि तसे नमूद करावे. नवख्या उमेदवारासाठी पहिल्या आठवड्यात निव्वळ ओळखीचा फलक लावणे हेही रास्त उद्दिष्ट असू शकते, मात्र ते आधी ठरवलेले असावे, नंतर सुचलेले स्पष्टीकरण नसावे.

निर्णयाखाली बदल सुचवताना ते परिणामाच्या क्रमाने लिहावेत. आपल्या फलकासाठी तो क्रम असा येतो: पतींचा फोटो काढावा किंवा नेत्यांच्या पट्टीत लहान करून न्यावा, पाण्याची ओळ १५ इंचांवर आणून तिच्यासाठी ‘विकास हाच ध्यास’ची जागा वापरावी, चिन्ह गोलातून काढून नावाच्या शेजारी आणावे आणि तिथेच ‘ब’ लिहावा, नेते दोन ठेवावेत, कार्यकर्त्यांची पट्टी मुख्य रस्त्यावरून काढून त्यांच्या गल्लीतील लहान फलकांवर न्यावी. शेवटची सूचना कार्यकर्त्यांना डावलल्यासारखी वाटू नये म्हणून ती ‘काढा’ अशी न लिहिता कुठे न्यायची त्या जागेसह लिहावी. गल्लीतले लोक पायी जातात आणि तिथे ५ इंची नावही वाचले जाते, त्यामुळे हा बदल कार्यकर्त्यांच्याही सोयीचा असतो.

## नववा टप्पा: फलक लागल्यावर पुन्हा एकदा जागेवर जावे

प्रूफवर उत्तीर्ण झालेला फलक सांगाड्यावर चढल्यावर नापास होऊ शकतो. फ्लेक्सचे दोन तुकडे जोडलेला सांधा उमेदवाराच्या चेहऱ्यावरून किंवा आडनावाच्या मधून गेला आहे का, ते पाहावे. वारा निघून जावा म्हणून पाडलेल्या चिरा चिन्हावर आल्या असतील तर काही दिवसांत तिथला कापड लोंबू लागतो आणि आकृती बिघडते. खालची कड लोखंडी चौकटीभोवती गुंडाळली जाते, त्यामुळे तळाला ठेवलेली ओळ अर्धी आत जाते. मुद्रक-प्रकाशकांची ओळ नेमकी इथेच हरवते.

दुसरी फेरी अंधार पडल्यावर मारावी. समोरून सोडलेले दिवे खालच्या बाजूला असतील तर तळाचा भाग झगमगतो आणि वरचा अंधारात राहतो, अशा वेळी नाव वर ठेवलेला फलक रात्री निनावी होतो. शेजारच्या फलकांकडेही पाहावे. त्याच सांगाड्यावर त्याच पक्षाच्या ‘क’ जागेच्या उमेदवाराचा फलक त्याच रंगांत लागला असेल, तर लांबून दोन्ही मिळून एकच लांब फलक दिसतो आणि एकाचे नाव दुसऱ्याच्या चेहऱ्याखाली वाचले जाते. असे आढळल्यास जागेचे नाव, दिशा, वेळ आणि अंतर नमूद करून फोटो घ्यावा, आणि तो फोटो डोळ्यांच्या उंचीवरून, झूम न करता, वाचण्याच्या ठरलेल्या अंतरावरूनच काढावा.